कवच, पाणी आणि गारवा: अंड्यांच्या साठवणीच्या अभ्यासाची प्रस्तावना

अमेरिकेत बाजारात येणारे अंडे जवळजवळ नेहमी धुतलेले असते आणि ते दुकानात फ्रिजमध्येच ठेवावे लागते. युरोपीय संघात ‘अ’ वर्गाचे अंडे धुण्याला, काही मोजके अपवाद वगळता, मनाई आहे. तिथे ते दुकानात साध्या फळीवर मांडलेले दिसते. ब्रिटनमध्येही हीच रीत आहे. म्हणून न्यू जर्सीत संसार थाटलेली बहीण अंडी फ्रिजबाहेर राहिली की अस्वस्थ होते, लंडनमधल्या भावाला त्यात काहीच वावगे वाटत नाही, आणि साताऱ्यातली आई आणलेली अंडी नळाखाली धुऊन फ्रिजच्या दारातल्या खळग्यांत लावते. तिघांनाही आपली रीत शास्त्रशुद्ध वाटते. यात खरे कोणाचे, हा प्रश्न घेऊन जो वाचक या अभ्यासाकडे येतो त्याचे स्वागत आहे, कारण या एका प्रश्नाचा माग काढताना अंड्याची सगळी रचना समजून घ्यावी लागते. उत्तर थोडक्यात असे, की बहीण आणि भाऊ आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि त्यांच्यापैकी कोणाचीही रीत साताऱ्यात जशीच्या तशी चालत नाही. ते का, हे सांगण्यासाठी ही प्रस्तावना.

सुरुवात कवचापासून करू. कोंबडीच्या अंड्याचे कवच साधारण एक तृतीयांश मिलिमीटर जाड असते आणि ते जवळजवळ सगळे चुनखडीचे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे, बनलेले असते. त्यात हजारो सूक्ष्म छिद्रे असतात. आतल्या पिल्लाला श्वास घेता यावा म्हणून ती लागतात, आणि अंड्याच्या बोथट टोकाकडे त्यांची दाटी जास्त असते. छिद्र म्हटले की जंतूंना वाट आलीच, म्हणून अंडे बाहेर पडण्याच्या जरा आधी कोंबडीच्या शरीरात कवचावर प्रथिनांचा एक पातळ लेप चढतो. त्याला क्युटिकल म्हणतात. नुकते घातलेले अंडे ओलसर चकाकते तो हाच लेप. काही मिनिटांत तो वाळतो आणि बहुतेक छिद्रांची तोंडे बुजवून टाकतो. कवचाच्या आत दोन पापुद्रे असतात, उकडलेले अंडे सोलताना हाताला लागतात ते. जंतू गाळून अडवणारी चाळणी म्हणून ते काम करतात.

त्याच्याही आत पांढरा बलक आहे, आणि खरी लढाई तिथे होते. अलेक्झांडर फ्लेमिंगने १९२२ मध्ये लायसोझाइम हे द्रव्य शोधले. पेनिसिलिन त्याच्या हाती लागायला अजून काही वर्षे होती. काही जातींच्या जंतूंची भिंत विरघळवणारे हे द्रव्य अंड्याच्या पांढऱ्या बलकात भरपूर असते. शिवाय तिथे ओव्होट्रान्सफेरिन नावाचे एक प्रथिन असते, जे लोह घट्ट धरून ठेवते. लोहावाचून जंतूंची वाढ होत नाही, म्हणून पांढऱ्या बलकात शिरलेले बहुतेक जंतू तिथे उपाशी राहतात. पिवळा बलक मात्र स्निग्धांश, लोह आणि इतर पोषणद्रव्यांनी भरलेला असतो. त्याच्याभोवतीची तलम त्वचा शाबूत असेपर्यंत तो सुरक्षित राहतो. अंडे जसजसे जुने होते तसतशी ती त्वचा सैल पडते आणि पिवळ्या बलकातले अन्न पांढऱ्यात झिरपू लागते. जुने अंडे तव्यावर फोडले की पिवळा बलक चपटा पसरतो किंवा लगेच फुटतो, त्याचे कारण हेच. ही त्वचा किती दिवसांत सैल पडते ते मुख्यतः तापमानावर ठरते, आणि हाच मुद्दा पुढे ओटा की फ्रिज या वादाचा निकाल लावतो.

आता धुण्याकडे येऊ. या विषयात सर्वांत जास्त गैरसमज इथेच आहेत, म्हणून जरा थांबून पाहू. धुतल्याने वरची घाण जाते, हे खरेच. पण घाणीबरोबर क्युटिकलही कमीजास्त प्रमाणात निघून जाते आणि छिद्रांची तोंडे उघडी पडतात. त्याहून महत्त्वाची गोष्ट पाण्याच्या तापमानाची आहे. गरम अंडे गार पाण्यात बुडवले की आतला द्रव आणि हवा आकसते, आत किंचित पोकळी तयार होते, आणि बाहेरचे पाणी छिद्रांतून आत ओढले जाते. त्या पाण्यात कवचावरची विष्ठा विरघळलेली असली तर तीही आत जाते. हेन्स आणि मोरान या दोघांनी १९४० मध्ये जंतू मिसळलेल्या गार पाण्यात उबदार अंडी बुडवून हा प्रकार दाखवून दिला होता. अमेरिकेतल्या धुण्याच्या नियमांमागे हेच तत्त्व आहे. तिथे धुण्याचे पाणी किमान ३२ अंश सेल्सियस असावे लागते, शिवाय ते अंड्याच्या आतल्या तापमानापेक्षा किमान ११ अंशांनी जास्त गरम असावे लागते. अंडी पाण्यात भिजत ठेवायला परवानगी नाही. पाण्यातल्या लोहाचे प्रमाणही तपासतात, कारण लोहयुक्त पाणी आत शिरले तर जंतूंना उपाशी ठेवणारे प्रथिनच निकामी होते. धुऊन झाल्यावर जंतुनाशकाचा फवारा, लगेच कोरडे करणे आणि तिथून थेट गारवा, अशी पुढची साखळी असते. ती साखळी शेतापासून घरापर्यंत कुठे तुटता कामा नये.

साताऱ्यातल्या नळाखाली यातली फक्त पहिली पायरी होते, तीही अर्धीच. डिसेंबरच्या सकाळी टाकीतले पाणी अठरा-वीस अंशांचे असते आणि स्वयंपाकघरातले अंडे त्याहून गरम असते. म्हणजे धुणारी व्यक्ती नकळत हेन्स आणि मोरान यांचाच प्रयोग करत असते. नंतर अंडी ओलीच फ्रिजमध्ये जातात आणि उघड्या पडलेल्या छिद्रांवर पाण्याचा थर तसाच राहतो. कोरडे, न धुतलेले कवच जंतूंना जेवढे अडवते तेवढे हे अडवू शकत नाही. म्हणून साठवण्यापूर्वी घरी अंडी धुऊ नयेत, या मतावर मी ठाम आहे. शेण-विष्ठा लागलेल्या गावरान अंड्यांच्या बाबतीत हे मन मारून पाळावे लागते, हे मला ठाऊक आहे. अशा अंड्यांची वाळलेली घाण कोरड्या फडक्याने किंवा भांडी घासायच्या कोरड्या काथ्याने हलकेच खरवडावी, ती अंडी बाकीच्यांपासून वेगळी ठेवावीत आणि आधी संपवावीत. फारच माखलेले अंडे असेल तर ते टाकून देणेच चांगले.

फोडण्याच्या अगदी आधी मात्र अंडे धुवायला हरकत नाही. फ्रिजमधले अंडे पाच-सहा अंशांचे असते आणि नळाचे पाणी त्याहून बरेच गरम, त्यामुळे आत ओढ लागत नाही. अट इतकीच, की धुतलेले अंडे लगेच फोडावे, परत ठेवू नये. अंडे पाण्यात तरंगते का हे पाहण्याची आजीची पद्धतही याच नियमात बसते. तरंगणारे अंडे जुने असते, कारण पाण्याचा अंश उडून बोथट टोकाकडची हवेची पोकळी मोठी झालेली असते. ही परीक्षा वयाची आहे, निर्धोकपणाची नाही. आणि ही परीक्षा करणे म्हणजेही अंडे पाण्यात बुडवणेच आहे, म्हणून ती वापरायच्या क्षणी करावी, आणल्या दिवशी सगळ्या ट्रेवर करू नये.

एक गोष्ट धुण्याच्या आवाक्याबाहेरची आहे. साल्मोनेला एन्टेरिटिडिस हा जंतू कोंबडीच्या अंडाशयातच वस्ती करू शकतो, आणि तसे झाले तर कवच तयार होण्याआधीच तो अंड्यात असतो. १९८०च्या दशकात या प्रकाराने युरोप आणि अमेरिकेत उग्र रूप धरले. डिसेंबर १९८८ मध्ये ब्रिटनच्या आरोग्य खात्यातल्या कनिष्ठ मंत्री एडविना करी यांनी देशातल्या बहुतांश अंडी-उत्पादनात साल्मोनेला असल्याचे विधान केले, अंड्यांची विक्री कोसळली आणि दोन आठवड्यांत त्यांना राजीनामा द्यावा लागला. ब्रिटनने पुढे लसीकरणाचा मार्ग धरला. ‘लायन’ शिक्क्याच्या अंड्यांसाठी १९९८ पासून कोंबड्यांना लस दिली जाते, आणि २०१७ मध्ये तिथल्या अन्न मानक संस्थेने गरोदर स्त्रिया, लहान मुले आणि वृद्ध यांनाही ही शिक्क्याची अंडी अर्धीकच्ची खाण्याची मुभा दिली. लंडनच्या भावाच्या निर्धास्तपणामागे ही लस आहे, कवचावरचे न धुतलेले क्युटिकल आहे, आणि तिथली थंड हवाही आहे.

ही थंड हवा आपण हिशेबात धरत नाही. साल्मोनेला आत असलेले अंडे वीस अंशांच्या आसपास ठेवले तर जंतूंची संख्या साधारण तीन आठवडे फारशी वाढत नाही, कारण तोवर पिवळ्या बलकाची त्वचा तग धरते. ब्रिटनमध्ये एकेकाळी अंडी तीन आठवड्यांत संपवावीत असे सांगितले जाई, ते या निरीक्षणातून. तीस अंशांना हीच मुदत काही दिवसांवर येते. उलट सात-आठ अंशांखाली हा जंतू जवळजवळ वाढतच नाही. म्हणजे ‘युरोपात ओट्यावर ठेवतात’ हे वाक्य अर्धवट आहे. पूर्ण वाक्य असे, की युरोपात न धुतलेले, बहुधा लसीकरण झालेल्या कोंबडीचे अंडे वीस अंशांच्या ओट्यावर ठेवतात. मे महिन्यात अकोल्यातल्या किंवा नागपुरातल्या स्वयंपाकघरातला ओटा पस्तीस-चाळीस अंशांना तापलेला असतो. तिथे अंडे आठवडाभर उघड्यावर ठेवण्याचे समर्थन मला कोणत्याच अभ्यासातून करता येत नाही.

गावरान अंड्यांना आणखी एक कारण लागू होते. कळपात कोंबडा असल्यामुळे ती बहुधा फलित असतात, आणि साधारण २६-२७ अंशांच्या वर त्यांच्यातला गर्भ हळूहळू वाढू लागतो. उन्हाळ्यात खेड्यातले अंडे फोडल्यावर पिवळ्या बलकावर रक्ताचे कडे दिसते ते यामुळेच. पोल्ट्रीच्या अंड्यांना ही अडचण नसते, कारण तिथे कोंबडा नसतो.

म्हणून आपल्यासाठी तिसरी रीत हवी: न धुता, कोरडे, आणि फ्रिजमध्ये. पण फ्रिजमध्ये कुठे? दाराच्या आतल्या बाजूला अंड्यांचे खळगे कंपन्यांनीच दिलेले असतात, त्यामुळे तीच योग्य जागा असा समज पक्का झाला आहे. प्रत्यक्षात दार ही फ्रिजमधली सर्वांत गरम आणि सर्वांत अस्थिर जागा. दूध, पाणी, भाजी यांसाठी दिवसातून अनेकदा दार उघडते आणि प्रत्येक वेळी दारातल्या अंड्यांना बाहेरची हवा लागते. मुंबईत जुलैमध्ये हवा २८ अंशांची आणि दमट असते. अशा हवेतली वाफ पंचवीस अंशांच्या आसपासच्या पृष्ठभागावरच दव बनून बसू लागते, मग पाच अंशांच्या अंड्यावर ती बसणारच. दार बराच वेळ उघडे राहिले की दारातल्या अंड्यांना बारीक घाम फुटतो, नंतर तो वाळतो, पुन्हा फुटतो. कवचावरची ही ओल जंतूंना वाढायला आणि छिद्रांतून आत शिरायला मदत करते. थंड अंडे बाहेर काढून ठेवू नये असे युरोपीय नियमकर्ते म्हणतात ते याच भीतीने. शिवाय दार आपटले की अंडी हादरतात आणि बारीक तडे जातात.

मधल्या किंवा खालच्या फळीवर, मागच्या भिंतीला न चिकटवता, झाकणाच्या डब्यात ठेवलेल्या अंड्यांना यातले काही होत नाही. भिंतीला टेकवली तर ती गोठून तडकण्याचा धोका असतो. झाकण वासासाठीही हवे, कारण फ्रिजमध्ये सुकट किंवा चिरलेला कांदा असला तर त्याचा वास कवचातून आत जातो. निमुळते टोक खाली ठेवावे. मग हवेची पोकळी वर राहते आणि पिवळा बलक मधोमध, पोकळीपासून दूर, तरंगत राहतो. एकदा गार केलेले अंडे मात्र पुन्हा ओट्यावर आणून विसरू नये. दोन तास ही अमेरिकेत सांगितली जाणारी मर्यादा आपल्या उन्हाळ्यात मी जास्तच मानतो.

राहिले तडकलेले अंडे. वर सांगितलेली सगळी संरक्षणे कवच अखंड आहे असे धरून चालतात, आणि तडा गेला की पहिली भिंत पडते. व्यवहारात दोन अवस्था वेगळ्या ओळखाव्यात. पहिलीत फक्त कवच तडकलेले असते, आतला पापुद्रा शाबूत असतो आणि अंडे गळत नाही. दुसरीत पापुद्राही फाटलेला असतो आणि बलक झिरपतो. गळणारे अंडे दुकानातून कधीच घेऊ नये, आणि ट्रेमध्ये सापडले तर ते टाकून शेजारची अंडीही कोरड्या कपड्याने पुसावीत, कारण झिरपलेला बलक जंतूंना आयते खाद्य ठरतो. नुसता तडा असलेल्या अंड्याबाबत प्रश्न एकच: तडा केव्हा गेला? दुकानात गेलेला तडा किती तासांचा आणि कुठल्या हातांतून आलेला आहे हे कळत नाही, म्हणून ते अंडेही घेऊ नये, स्वस्त मिळाले तरी. तडकलेली अंडी बेकऱ्यांना आणि भुर्जीच्या गाड्यांना कमी भावात जातात. भट्टीत नीट भाजलेल्या केकची भीती नाही, पण गाडीवर अर्धवट परतलेल्या भुर्जीची आहे. कॅनडात १९९०च्या दशकात झालेल्या एका धोका-मूल्यमापनात तडकलेली अंडी अखंड अंड्यांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त वेळा अन्नविषबाधेला कारण ठरतात असा निष्कर्ष निघाला होता.

उन्हाळा इथेही दुहेरी घात करतो. तापलेल्या हवेत कोंबडी धापा टाकते, त्यात तिच्या रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, कवचासाठी लागणारे कार्बोनेट अपुरे पडते आणि कवच पातळ येते. म्हणजे जंतू सर्वांत वेगाने वाढतात त्याच महिन्यांत बाजारात तडकलेली अंडीही सर्वांत जास्त येतात.

हे सगळे एका ट्रेवर लावून पाहू. पावसाळ्यात दादरमधल्या एका घरी तीस अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे आला. दुकानात तो फ्रिजबाहेरच होता, म्हणून अंडी खोलीच्या तापमानाची आहेत. पिशवी ओली झाली असेल तर आधी अंडी कोरड्या फडक्याने टिपून घ्यावीत, चोळू नयेत. मग दिवा मालवून मोबाइलच्या टॉर्चसमोर एकेक अंडे फिरवावे. तडा उजळ रेघेसारखा चमकतो, नुसत्या डोळ्यांना न दिसणारासुद्धा. दोन अंडी एकमेकांवर अगदी हलके टिचकावूनही कळते: अखंड अंड्यांचा आवाज खणखणीत येतो, तडकलेल्याचा बद्द. समजा तीन अंडी तडकलेली निघाली आणि त्यांतले एक गळते आहे. गळणारे टाकावे. उरलेली दोन ट्रेमध्ये कोणत्या ठिकाणी होती ते आठवावे. ती घरी येताना पिशवीच्या तळाशी दाबली गेली आणि कवच स्वच्छ असेल, तर लगेच एकेक करून वाटीत फोडून वास पाहावा, झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवावीत आणि दोन दिवसांत पूर्ण शिजवून संपवावीत. तडा आधीचा असल्याची शंका आली किंवा कवच मळलेले असेल तर तीही टाकावीत. अंडी उकडताना पातेल्यातच तडकली तर घाबरायचे कारण नाही, ती शिजतच असतात.

उरलेली सत्तावीस अंडी न धुता डब्यात लावावीत. पुठ्ठ्याचा ट्रे फ्रिजमध्ये नेऊ नये, कारण तो अनेक हातांतून आणि गोदामांतून आलेला असतो आणि ओल धरतो. डब्यावर शिसपेन्सिलीने आणल्याची तारीख लिहावी. सुट्या अंड्यांवर घातल्याची तारीख नसते आणि दुकानात ती किती दिवस होती ते कळत नाही, म्हणून आणल्यापासून दोन ते तीन आठवड्यांत संपवावीत. फोडताना प्रत्येक अंडे आधी वेगळ्या वाटीत फोडावे. कुजवणाऱ्या जंतूंनी नासलेल्या अंड्याचा वास लगेच येतो, काहींचा पांढरा बलक हिरवटही दिसतो. साल्मोनेलामुळे मात्र ना वास येतो, ना रंग बदलतो. त्याच्यासाठी एकच उपाय उरतो, तो म्हणजे दोन्ही बलक घट्ट होईपर्यंत, साधारण ७१ अंशांपर्यंत, शिजवणे. घरात लहान मूल, गरोदर स्त्री किंवा वयस्कर माणूस असेल तर हाफ-फ्राय, घरी केलेले मेयोनीज आणि तालमीतून आल्यावर दुधात घातलेले कच्चे अंडे या तिन्ही गोष्टी त्यांच्या ताटापासून दूर ठेवाव्यात. नवा ट्रे आला की जुनी अंडी डब्याच्या पुढच्या रांगेत सरकवावीत आणि नवी मागे लावावीत.